जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे पाठवताना: कमिशनचा टक्का, लपलेला दर आणि पोहोचणारी रक्कम

माझ्या पुतण्याला जर्मनीत एम.एस.ला प्रवेश मिळाला आणि व्हिसासाठी लागणारे ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारे खाते, ज्याला तिकडे श्पेअरकॉन्टो म्हणतात, त्यात पैसे भरण्याचे काम माझ्याकडे आले. खाते उघडणाऱ्या संस्थेने मागितलेली रक्कम मी एका बँकेच्या शाखेतून पाठवली, पावती घेतली आणि काम संपले असे समजून घरी आलो. पाचव्या दिवशी तिकडून मेल आला की रक्कम अठरा युरोंनी कमी आहे आणि ती पूर्ण होईपर्यंत व्हिसासाठीचे पुष्टीपत्र देता येणार नाही. अठरा युरो म्हणजे साधारण अठराशे रुपये, पण ते पुन्हा पाठवण्यासाठी संपूर्ण शुल्क नव्याने भरावे लागले आणि व्हिसाची भेट तोंडावर असताना सहा दिवस गेले. ते अठरा युरो कुठे गेले, ते आधी कसे ओळखता आले असते आणि ‘कमिशन शून्य’ म्हणणाऱ्याकडेही आपण नेमके किती टक्के मोजतो, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

सप्टेंबर २०२४ पासून या खात्यासाठी वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो, असा आकडा आहे. हा आकडा अधूनमधून वाढतो, म्हणून पैसे पाठवण्याआधी जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावर तो तपासून घ्यावा. खालच्या सर्व उदाहरणांत खाते उघडणाऱ्या संस्थेचे शुल्क धरून एकूण १२,००० युरो पोहोचायला हवेत असे मानले आहे. हिशेब डोळ्यांना सोपा जावा म्हणून युरोचा मधला दर १०० रुपये धरला आहे, तर निरनिराळ्या ठिकाणचे दर आणि शुल्के उदाहरणादाखल घेतली आहेत. तुमच्या दिवशीचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

१. आधी कागदपत्रे जमवा, कारण दर थांबत नाही

दर ठरला की तो काही मिनिटे किंवा फार तर काही तास टिकतो. त्या वेळात एखादा कागद कमी पडला तर दुसऱ्या दिवशी नव्या दराने सुरुवात करावी लागते. म्हणून दर विचारायला जाण्याआधीच पुढील कागद एका फाइलमध्ये असू द्यावेत:

- पैसे पाठवणाऱ्याचे पॅन कार्ड आणि आधार;
- विद्यार्थ्याचा पासपोर्ट आणि विद्यापीठाचे प्रवेशपत्र;
- ब्लॉक्ड अकाउंट उघडल्याचे पत्र, ज्यावर IBAN हा खाते क्रमांक, BIC हा बँकेचा कोड आणि तुमचा संदर्भ क्रमांक असतो;
- आई, वडील किंवा इतर नातेवाईक पैसे पाठवत असतील तर नात्याचा पुरावा;
- शैक्षणिक कर्ज असेल तर मंजुरीपत्र;
- ए-२ अर्ज आणि त्यासोबतचे घोषणापत्र, जे बँक किंवा परकीय चलन विक्रेता देतो.

भारतातून निवासी व्यक्तीला परदेशी पैसे पाठवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली मिळते आणि तिची मर्यादा एका आर्थिक वर्षात प्रत्येक व्यक्तीमागे अडीच लाख डॉलर आहे. आपली रक्कम तिच्या आसपासही जात नाही, त्यामुळे परवानगीचा प्रश्न येत नाही. ए-२ अर्जावरचा हेतू मात्र नीट लिहून घ्यावा, कारण पुढे कराचा प्रश्न त्यावरच ठरतो.

संदर्भ क्रमांकाचा इशारा वेगळा देतो. सगळ्या विद्यार्थ्यांचे पैसे खाते उघडणाऱ्या संस्थेच्या थोड्याच खात्यांत येत असतील तर त्या क्रमांकावरूनच कोणाचे पैसे ते ओळखले जाते. अर्जाच्या ‘प्रेषणाचा तपशील’ या रकान्यात तो टाकला नाही, तर पैसे पोहोचूनही तुमच्या नावावर जमा होत नाहीत आणि तुम्ही इकडे दर व शुल्काचा दोष शोधत बसता.

२. मधला दर लिहून ठेवा

बँका आपसात युरो घेतात त्या खरेदीच्या आणि विक्रीच्या भावाच्या मधोमध जो भाव असतो, तो मधला दर. इंटरनेटवर ‘युरो रुपया’ असे टाकले की जो आकडा पहिल्यांदा दिसतो, तो बहुधा हाच असतो. अधिक खात्रीचा आकडा हवा असेल तर फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामाच्या दिवशी दुपारी डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचे संदर्भदर जाहीर करते, ते पाहावेत.

या दराने कोणीही तुम्हाला युरो देणार नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. मधला दर ही फूटपट्टी आहे. समोरचा माणूस किती घेतो, हे त्या पट्टीवर ठेवल्याशिवाय कळत नाही. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो आणि तेव्हा मिळणाऱ्या दरात विक्रेता सोमवारच्या चढउताराची भीती धरून थोडी जास्त फट ठेवतो. म्हणून दर मंगळवार ते गुरुवार, दुपारच्या वेळी विचारावेत, असा माझा अनुभव आहे.

३. कमिशन कुठे कुठे बसलेले असते ते ओळखा

कमिशन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पावतीवरची एक ओळ येते. प्रत्यक्षात ते चार जागी विखुरलेले असते आणि पावतीवर त्यातले सगळे दिसतही नाही.

पहिली जागा म्हणजे खुद्द दर. मधला दर १०० असताना तुम्हाला १०२.५० लावला, तर प्रत्येक युरोमागे अडीच रुपये गेले. त्यावर ‘कमिशन’ असे नाव कुठेही लिहिलेले नसते. ‘शून्य कमिशन’ ही पाटी खोटी नसते, तिचा अर्थ एवढाच की कमिशनची वेगळी ओळ नाही. मोठ्या रकमेत सर्वांत जास्त पैसे बहुधा इथेच जातात.

दुसरी जागा म्हणजे उघड शुल्क. ते कधी टक्क्यांत, कधी ठरावीक रुपयांत, तर कधी दोन्ही मिळून असते. या शुल्कावर अठरा टक्के जीएसटी लागतो. म्हणजे एक टक्का कमिशन सांगितले तर तुमच्या खिशातून १.१८ टक्के जातात.

तिसरी जागा म्हणजे चलन बदलण्यावरचा जीएसटी. तो सगळ्या रकमेवर अठरा टक्के नसतो, ही भीती अनेकांना असते म्हणून स्पष्ट लिहितो. आधी करासाठी एक छोटे मूल्य काढतात आणि फक्त त्यावर अठरा टक्के घेतात. एक लाख रुपयांपर्यंत हे मूल्य रकमेच्या एक टक्का असते, पण कमीत कमी २५० रुपये धरतात. एक लाखाच्या वर दहा लाखांपर्यंत ते १,००० रुपये अधिक वरच्या रकमेच्या अर्धा टक्का होते. दहा लाखांच्या वर ते ५,५०० रुपये अधिक वरच्या रकमेच्या ०.१ टक्का होते. बारा लाखांच्या आसपासच्या आपल्या रकमेवर हा कर साधारण हजार-अकराशे रुपये होतो. हा कर सगळीकडे जवळपास सारखाच येतो, त्यामुळे त्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही.

चौथी जागा वाटेतली. माझे अठरा युरो तिथेच गेले.

४. वाटेतल्या बँका काय कापतात ते समजून घ्या

तुमच्या बँकेचे जर्मनीतल्या त्या बँकेशी थेट खाते असेलच असे नाही. तसे नसेल तर पैसे मध्यस्थ बँकेमार्फत जातात. मध्यस्थ बँक आपले शुल्क त्या रकमेतूनच कापून उरलेले पुढे पाठवते. हे शुल्क टक्क्यांत नसते, बहुधा ठरावीक असते. त्यामुळे बारा हजारांत ते क्षुल्लक वाटते आणि पन्नास युरो पाठवताना निम्मी रक्कम खाते.

अर्जावर शुल्क कोणी भरायचे याचा एक रकाना असतो आणि त्यात तीन पर्याय असतात. OUR म्हणजे सगळे शुल्क पाठवणारा भरेल. SHA म्हणजे आपल्या बँकेचे शुल्क आपण भरायचे आणि वाटेतले रकमेतून कापले जाईल. BEN म्हणजे सगळेच घेणाऱ्याच्या रकमेतून जाईल. बँका एकमेकींना पाठवतात त्या संदेशांच्या नव्या रचनेत हेच पर्याय DEBT, SHAR आणि CRED अशा नावांनी दिसतात, त्यामुळे पावतीवर ही अक्षरे दिसली तर गोंधळू नये.

माझ्या अर्जावर हा रकाना मी कोराच ठेवला होता. नंतर शाखेत जाऊन विचारले तेव्हा काउंटरवरचा तरुण अगदी सहज म्हणाला, “काका, सगळ्यांचं SHA च करतो आम्ही, तुम्ही वेगळं सांगितलं नव्हतं.” त्याचे म्हणणे नियमाला धरूनच होते. ज्याला घरी पाचशे-हजार युरो पाठवायचे आहेत, त्याला चार युरो कमी पोहोचल्याने काही बिघडत नाही. ज्या खात्यात ठरावीक रक्कम पूर्ण भरल्याशिवाय कागद निघत नाही, तिथे मात्र हा रकाना कोरा ठेवणे महागात पडते.

OUR निवडले की बँक त्याचे जादा शुल्क रुपयांत इकडेच घेते. इथेही एक फट आहे. काही बँकांच्या OUR मध्ये फक्त पहिल्या मध्यस्थाचे शुल्क धरलेले असते आणि पुढे आणखी एखादी बँक असेल तर ती कापायची ते कापतेच. म्हणून नुसते “OUR करा” असे न म्हणता “पूर्ण रक्कम पोहोचण्याची हमी असलेले OUR आहे का?” असे विचारावे. हमी नसेल तर वीस-पंचवीस युरो वर पाठवावेत. काही खाते-संस्था अशी जादा रक्कम आधीच मागून घेतात आणि उरलेली नंतर परत करतात. तुमच्या पत्रात तसे लिहिले आहे का ते पाहावे, नाहीतर तुम्ही दोनदा जादा रक्कम धराल.

५. दर नको, ‘खरा दर’ काढा

आता तुलना. तीन ठिकाणी तीन भाषांत माहिती मिळते: एकजण दर सांगतो, दुसरा टक्का, तिसरा शुल्क. तिघांना एका ओळीत आणायचे तर एकच भागाकार पुरतो.

```
खरा दर = खात्यातून गेलेले एकूण रुपये ÷ तिकडे पोहोचलेले युरो
खर्चाचा टक्का = (खरा दर − मधला दर) ÷ मधला दर × १००
```

वरच्या ओळीत ‘पाठवलेले’ नव्हे तर ‘पोहोचलेले’ युरो आहेत, याकडे लक्ष द्यावे.

पहिले ठिकाण बँकेची शाखा. दर १०२.५०, पाठवण्याचे शुल्क १,००० रुपये आणि हमीच्या OUR साठी १,५०० रुपये. बारा हजार युरोंचे १२,३०,००० रुपये झाले. चलन बदलाचा जीएसटी १,०३१ रुपये, दोन्ही शुल्के जीएसटीसह २,९५० रुपये. एकूण १२,३३,९८१ रुपये गेले आणि १२,००० युरो पोहोचले. खरा दर १०२.८३, म्हणजे खर्च २.८३ टक्के. पावतीवर मात्र शुल्क म्हणून अडीच हजारच दिसतात, जे रकमेच्या पाव टक्क्याहूनही कमी भरतात. उरलेले तीस हजार दरात आहेत.

दुसरे ठिकाण ‘शून्य शुल्क’ म्हणणारी ऑनलाइन सेवा. दर १०१.२०, पाठवण्याचे शुल्क काहीच नाही, पण प्रेषण SHA पद्धतीने. १२,१४,४०० रुपये आणि जीएसटी १,०२९ रुपये, एकूण १२,१५,४२९ रुपये. वाटेत २५ युरो कापले गेले आणि ११,९७५ पोहोचले. खरा दर १०१.५०, खर्च दीड टक्का. शाखेपेक्षा अठरा हजार रुपयांनी स्वस्त, फक्त खाते अपुरे राहिले.

तिसरे ठिकाण परवानाधारक चलन विक्रेता. त्याने दर फार चांगला, १००.४०, सांगितला, मग एक टक्का कमिशन आणि ७५० रुपये शुल्क लावले, आणि OUR त्यातच धरले. १२,०४,८०० रुपयांवर कमिशन १२,०४८, शुल्क ७५०, या दोन्हींवर जीएसटी २,३०४ आणि चलन बदलाचा जीएसटी १,०२७. एकूण १२,२०,९२९ रुपये आणि १२,००० युरो पोहोचले. खरा दर १०१.७४, खर्च १.७४ टक्के. फोनवर ‘शंभर चाळीस’ ऐकून जो स्वस्त वाटला, तो दुसऱ्यापेक्षा महाग निघाला.

आता दुसऱ्या ठिकाणाकडे परत येऊ. कमी पडलेले २५ युरो पुन्हा पाठवायचे, तर वाटेत पुन्हा २५ कापले जाणार म्हणून ५० पाठवावे लागतील. त्याचे ५,०६० रुपये आणि किमान जीएसटी ४५ रुपये. एकूण खर्च १२,२०,५३४ रुपये झाला आणि खरा दर १०१.७१ वर गेला, म्हणजे तिसऱ्या ठिकाणाइतकाच. तेच पहिल्याच वेळी १२,०२५ युरो पाठवले असते, तर १२,१७,९५९ रुपयांत काम झाले असते आणि खरा दर १०१.५० वरच राहिला असता. रकाना न वाचण्याची किंमत या उदाहरणात अडीच हजार रुपये आणि वर चार-पाच दिवस, अशी येते.

६. टक्का कशाचा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका

‘दोन टक्के कमिशन’ या तीन शब्दांचे दोन अर्थ होतात आणि फरक थोडा असला तरी आपल्या कामात तोच नडतो. एका अर्थी कमिशन रकमेच्या वर लागते: तुम्हाला १२,००० युरो हवेत, त्यांची किंमत आणि वर दोन टक्के. दुसऱ्या अर्थी ते रकमेतून कापले जाते: तुम्ही जे द्याल त्यातले दोन टक्के काढून उरलेले पोहोचते.

दुसऱ्या प्रकारात बहुतेक जण सरळ दोन टक्के वाढवून पाठवतात. १२,००० चे दोन टक्के २४०, म्हणून १२,२४० पाठवले. कमिशन मात्र १२,२४० वर लागते, १२,००० वर नाही. ते २४४.८० होते आणि पोहोचतात ११,९९५.२० युरो. चार युरो ऐंशी सेंट कमी, आणि खाते पुन्हा अपुरे. बरोबर रीत भागाकाराची आहे: १२,००० ÷ ०.९८ = १२,२४४.९०.

ठरावीक शुल्क आणि टक्का दोन्ही कापले जात असतील, तर आधी शुल्क मिळवावे आणि मग भागावे.

```
पाठवायची रक्कम = (हवी असलेली रक्कम + वाटेत कापले जाणारे ठरावीक शुल्क) ÷ (१ − टक्का ÷ १००)
```

यात टक्का आधी कापला जातो आणि ठरावीक शुल्क नंतर, असे धरले आहे आणि बहुधा तसेच होते, कारण कमिशन इकडे निघते आणि मध्यस्थ बँक वाटेत भेटते. उत्तर आले की पुढच्या पूर्ण युरोपर्यंत वर न्यावे. सेंटांची बचत करण्याची ही जागा नव्हे.

आणखी एक सापळा घासाघिशीचा. विक्रेत्याला “कमिशन कमी करा” म्हटले तर तो एक टक्क्याचा अर्धा टक्का करतो आणि पुढच्या मिनिटाला दर १००.४० चा १००.९५ होतो. दर हलता असल्यामुळे त्याने काही बदलले हे सिद्धही करता येत नाही. म्हणून घासाघीस कमिशनवर करू नये. “माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील आणि तिकडे किती युरो पोहोचतील?” एवढेच दोन आकडे एका वेळी, शक्यतो लिहून मागावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आला तरी चालेल, पण त्यात तारीख, वेळ आणि दर किती वाजेपर्यंत टिकेल हे असले पाहिजे. असे लिहून द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडे मी परत जात नाही.

७. टीसीएस हा खर्च नव्हे, पण पैसे लागतात

एका आर्थिक वर्षात एका पॅनवरून या योजनेखाली पाठवलेली रक्कम दहा लाखांच्या वर गेली, तर वरच्या भागावर बँकेला टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, गोळा करावा लागतो. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून सात लाखांची दहा लाख झाली. आपली रक्कम बारा लाखांच्या घरात असल्याने ती ओलांडली जाते. कराचा दर ए-२ अर्जावर लिहिलेल्या हेतूनुसार बदलतो आणि शिक्षणासाठी तो इतर बहुतेक हेतूंपेक्षा बराच कमी आहे. चालू वर्षाचा दर बँकेला विचारून घ्यावा. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर टीसीएस लागत नाही, म्हणून मंजुरीपत्राची प्रत आधीच द्यावी.

ही रक्कम खऱ्या दराच्या हिशेबात धरू नये. ती पाठवणाऱ्याच्या पॅनवर जमा होते, २६एएस या प्राप्तिकर खात्याच्या उताऱ्यात दिसते आणि विवरणपत्र भरताना करातून वळती होते किंवा परत मिळते. पाठवण्याच्या दिवशी मात्र ती खात्यात असावी लागते. बारा लाख वीस हजारांची व्यवस्था करून गेलो आणि टीसीएसच्या रकमेपुरते पैसे कमी पडले, की तो दर हातचा जातो. दहा लाखांची मर्यादा सगळ्या बँका आणि विक्रेते मिळून मोजली जाते. त्याच वर्षी विद्यापीठाची फी किंवा वसतिगृहाची अनामत त्याच पॅनवरून गेली असेल तर तीही यात येते.

आई आणि वडील दोघांच्या खात्यांतून निम्मे निम्मे पाठवले तर दोघांची मर्यादा वेगळी धरली जाते. तसे करण्याआधी खाते-संस्थेला दोन हप्ते चालतात का ते विचारावे आणि ठरावीक शुल्क व वाटेतली कपात दोनदा होईल हे लक्षात ठेवावे. परत मिळणारा टीसीएस काही महिने अडकू नये म्हणून कायमचे तीन-चार हजार घालवणे मला पटत नाही, पण ज्याचे पैसे कर्जाऊ आणलेले आहेत त्याचे गणित वेगळे असू शकते.

८. पाठवल्यानंतर स्विफ्टची प्रत वाचा

पैसे गेल्यावर बँकेकडून स्विफ्ट संदेशाची, म्हणजे तिने पुढच्या बँकेला पाठवलेल्या सूचनेची, प्रत मागून घ्यावी. पुष्कळदा ती न मागता मिळत नाही. तिच्यात चार गोष्टी पाहायच्या असतात: 71A समोर OUR आहे की SHA, 32A समोर किती युरो लिहिले आहेत, 70 समोर तुमचा संदर्भ क्रमांक बरोबर आहे का, आणि UETR हा लांबलचक क्रमांक, ज्यावरून पैसे वाटेत कुठे आहेत ते बँकेला शोधता येते. नव्या रचनेच्या प्रतीत हे आकडी रकाने नसतील, तिथे शुल्क, रक्कम आणि प्रेषणाचा तपशील अशा नावांखाली तीच माहिती असते.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी. तुमच्या बँकेच्या प्रतीत तुम्ही पाठवलेलीच रक्कम दिसणार, कारण ती प्रत कपात होण्याआधीची असते. माझ्याही प्रतीत रक्कम पूर्ण होती आणि तेवढ्यावर मी निर्धास्त राहिलो. कपात दिसते ती तिकडच्या बँकेला पोहोचलेल्या संदेशात. तिथे 33B समोर मूळ रक्कम, 32A समोर उरलेली रक्कम आणि 71F समोर कोणी किती कापले ते असते. रक्कम कमी आली तर खाते-संस्थेकडून हा तपशील मागावा. तुम्ही OUR चे शुल्क भरलेले असतानाही 71F मध्ये कपात दिसत असेल, तर तो कागद घेऊन आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करता येते. SHA असेल तर तक्रारीला जागा नाही, कमी पडलेली रक्कम वाटेतल्या कपातीसह पुन्हा पाठवणे एवढेच हातात राहते.

९. खिशातल्या नोटांचा हिशेब वेगळा करा

पहिल्या काही दिवसांसाठी थोडे युरो रोख लागतात. नोटांचा दर खात्यात पाठवण्याच्या दरापेक्षा महाग असतो, कारण विक्रेत्याला त्या नोटा आणाव्या, सांभाळाव्या आणि विम्याखाली ठेवाव्या लागतात. विमानतळावरच्या खिडकीवर तो आणखी चढतो. एका प्रवासात साधारण तीन हजार डॉलरच्या मोलाइतक्याच नोटा नेता येतात, पण विद्यार्थ्याला त्याच्या दशांशानेही भागते. पन्नास हजार रुपयांच्या वरची किंमत विक्रेत्याला रोखीने देता येत नाही, खात्यातून द्यावी लागते.

जास्तीचे घेऊन ठेवू आणि उरले तर विकू, हा विचार महाग पडतो. युरो १०३ ला घेतला आणि परत विकताना ९७ मिळाले, तर मधला दर तिळभरही न हलता प्रत्येक युरोमागे सहा रुपये जातात. तीनशे युरो उरले तर अठराशे रुपये. आम्ही पुतण्यासोबत दोनशे युरो दिले होते, तेही वीसच्या नोटांत मागून घेतले, कारण तिकडे पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी बेकरीत शंभराची नोट पाहून दुकानदाराने मान हलवल्याचे त्याच्या आधी गेलेल्या मित्राने सांगितले होते.